आत्याची धुळवडीची मटण बिर्याणी अर्धी कशी करायची, जर्मन पाकिटांच्या हिशोबाने

अरे, आत्याने तुला वहीच्या पानाचा जो फोटो पाठवलाय ना, तो मलाही आलाय, आणि त्यातलं सगळं माप अठरा-वीस जणांचं आहे, कारण धुळवडीला आपल्याकडे कधी दहा माणसं जेवलेली मी तरी बघितली नाहीत. तुझ्याकडे स्टुटगार्टात आठ-नऊ जण येणार, म्हणजे अर्धी करायची, इथपर्यंत ठीक. पण "सगळ्याला दोनाने भागतो" असं जे तू लिहिलंस तिथे जरा थांब. वहीतल्या काही गोष्टी निम्म्या होतात, काही होत नाहीत, आणि काही तिथल्या दुकानातल्या पाकिटावर ठरतात. मी तिथे राहून आलेय, त्यामुळे दही केवढ्या डब्यात येतं, कांदा केवढ्या जाळीत येतो ते डोळ्यासमोर आहे, म्हणून एकदाच नीट लिहून देते, हे उघडं ठेवून खरेदीला जा.

आधी वहीतलं माप बघ: मटण २ किलो, बासमती २ किलो, कांदे दीड किलो, दही पाऊण किलो, टोमॅटो अर्धा किलो, आलं आणि लसूण शंभर-शंभर ग्रॅम, तूप पाव किलो, कोथिंबीर २ जुड्या, पुदिना १ जुडी, मिरच्या १२, तिखट ४ चमचे, गरम मसाला ३ चमचे, हळद १ चमचा, दूध १ वाटी, केशर चिमूटभर, आणि मीठ "अंदाजे". खाली पेन्सिलीने लिहिलंय ते "५ शिट्ट्या".

यातला चमचा म्हणजे कुठला हे आत्याला फोन करून विचारलं, तर तो पोह्याचा चमचा निघाला. म्हणजे तुझ्याकडच्या चहाच्या छोट्या चमच्याचे, टेलोफेलचे, साधारण दोन. वाटीसुद्धा तिला पाण्याने भरून काट्यावर ठेवायला लावली, १६० ग्रॅम भरली. त्यामुळे वहीतलं "४ चमचे" वाचून जेवणाचा मोठा एसलोफेल घेऊन बसू नकोस, त्यात जवळपास तीन टेलोफेल मावतात आणि तिखटाच्या बाबतीत एवढा फरक पाहुण्यांना कळतो. छोटा डिजिटल काटा नसेल तर शेजारच्या फ्लॅटमधून माग, केक करणारं एक तरी घर असतंच तिथे.

शनिवारची खरेदी

धुळवड यंदा कामाच्या दिवशी येत असेल तर तू रविवारीच करणार, आणि रविवारी तिथे सगळं बंद, सुपरमार्केट पण आणि तुर्की खाटीक पण, त्यामुळे राहिलेली कोथिंबीर आणायला धावत जाता येत नाही. सगळं शनिवारी दुपारपर्यंत घरात पाहिजे.

सुरुवात मटणापासून कर, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर बेतायचंय. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, तिथे ते सहज मिळत नाही, मिळतं ते कोकराचं, लाम. सुपरमार्केटात न्यूझीलंडची अख्खी गोठवलेली रान असते, दीड-दोन किलोची, ती घेऊ नकोस; निम्मी वापरून उरलेली परत गोठवायची म्हणजे डोक्याला ताप, आणि गोठलेलं हाड घरी तोडणार कशाने. तुर्की खाटकाकडे जा, खांद्याचा भाग माग, हाडासकट, आणि त्यालाच मशीनवर लिंबाएवढे तुकडे करून द्यायला सांग. १ किलो हवंय, पण माग सव्वा किलो. कारण कोकराच्या खांद्यावर चरबीचा पांढरा थर असतो, तो घरी येऊन सुरीने काढायचा, त्यात दीडशे-दोनशे ग्रॅम सहज जातात. पूर्ण काढू नकोस, थोडी राहू दे, पण सगळी ठेवलीस तर बिर्याणी थंड झाल्यावर टाळूला चिकटते. हाडाशिवाय घ्यायची वेळ आली तर ७५०-८०० ग्रॅम पुरे, वहीतले २ किलो हाडासकट आहेत.

तांदूळ सगळ्यात सोपा. १ किलोचं बासमतीचं पाकीट मिळतं, ते अख्खं घे, मोजायचंच नाही. फक्त पाकिटावर "पारबॉइल्ड" लिहिलेलं नाही ना ते बघ आणि ती छोट्या भोकांच्या पिशव्यांची खोकी असतात ना, एका खोक्यात सव्वाशे ग्रॅमच्या चार पिशव्या, ती आणू नकोस. भारतीय दुकानातून आणणार असशील तर सेला नको, त्याला भिजवायला आणि शिजायला वेगळा वेळ लागतो आणि मी खाली दिलेल्या वेळा मग सगळ्या चुकतील.

दही पाऊण किलोचं निम्मं म्हणजे ३७५ ग्रॅम. तिथे साधं नातूरयोगुर्ट ५०० ग्रॅमच्या डब्यात येतं, साडेतीन टक्के फॅटचं घे, दीड टक्क्याचं गरम मसाल्यात लगेच फाटतं. डबा उघडून तिथेच पाऊण वाटी म्हणजे सव्वाशे ग्रॅम बाजूला काढून ठेव, ती उद्याची कोशिंबीर. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण डब्यात थोडंसं उरलं की आपला हात "घालून टाकू" म्हणतो, आणि सव्वाशे ग्रॅम दही जास्त झालं की रस्सा आंबट आणि पातळ होतो, मग वरचा भात खाली बसतो. तुर्की दुकानातलं १० टक्क्यांचं घट्ट दही १ किलोच्या बादलीत असतं, चव मस्त, पण ते आणलंस तर ३०० ग्रॅमच घे आणि चार-पाच चमचे दूध घालून घोट.

कांद्याची १ किलोची जाळी घे. हवेत ७५० ग्रॅम: ५०० तळायला, २५० मसाल्याला. उरलेले दोन-तीन कांदे कोशिंबिरीत जातील. आता तू विचारणारच की ते तळलेल्या कांद्याचे तयार डबे मिळतात, रोस्टझ्वीबेल्न, दीडशे ग्रॅमचे, ते घेऊ का. अर्धा किलो कच्चा कांदा तळून साधारण तेवढाच उरतो, त्यामुळे हिशोबाला डबा बरोबर बसतो हे खरं. पण बहुतेकांवर घटकांमध्ये गव्हाचं पीठ आणि मीठ लिहिलेलं दिसेल. थरांमध्ये वरून भुरभुरायला चालेल, रश्शात घातलास तर पीठ सुटून रस्सा पिठल्यासारखा होतो. पाहुण्यांत कोणाला गहू चालत नसेल तर तो डबा अजिबात नको आणि खाली झाकणाला कणकेची पट्टी सांगितलीय तीपण नको. माझं मत विचारशील तर कांदा घरी तळ, कारण ते कांद्याचं तेलच पुढे मसाल्याला लागतं आणि अर्धी चव तिथे आहे.

तुपाचं निम्मं १२५ ग्रॅम होतं, पण कोकराची स्वतःची चरबी आहे म्हणून १०० पुरे. बुटरश्माल्झचा पाव किलोचा डबा मिळतो, त्यातलं थोडं कमी निम्मं. नाहीतर पाव किलो लोण्याची वडी कढव, बिनमिठाची, त्यातून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं, उरलेलं महिनाभर वरणाला.

टोमॅटो सुटे मिळतात, मध्यम तीन घे. मार्चमधल्या टोमॅटोला तिथे काही चव नसते, म्हणून ट्यूबमधली टोमॅटोची दाट पेस्ट, टोमाटनमार्क, एक टेलोफेल घाल बरोबर. लसणाचा एक मोठा गड्डा म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, आलं तेवढ्याच वजनाचं. कोथिंबीर आणि पुदिना सुपरमार्केटच्या प्लास्टिकच्या डबीत पंधरा-वीस ग्रॅम येतो, त्याने काही होत नाही. तुर्की दुकानात जुडी मिळते, दोन्हीची एकेक घे, निवडून कोथिंबीर दोन मुठी आणि पुदिना एक मूठ भरला पाहिजे. मिरच्या मात्र नगावर निम्म्या करू नकोस. वहीतल्या १२ आपल्या साध्या हिरव्या मिरच्या. आशियाई दुकानातल्या छोट्या थाई मिरच्या असतील तर ३ बस, तुर्की लांबट फिक्या असतील तर ६-७ घातल्यास तरी चालतील.

मसाल्यात दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे क्युमल लिहिलेली बाटली जिरं म्हणून उचलायची. ते त्यांच्या पावात घालतात ते कॅरावे, तुला हवंय ते क्रॉइत्सक्युमल. शहाजिरं पाहिजे असेल तर भारतीय दुकानातच बघ, नाही मिळालं तर साधं जिरं अर्ध्या मापाने. दुसरं तमालपत्र. तिथलं लॉरबेअर हे वेगळ्याच झाडाचं पान, वास उग्र, औषधी. आपल्या पानांचं निम्मं करून ३ येत असतील तर ते एकच घाल. आणि पाप्रिका एडेलझ्यूस म्हणजे तिखट नव्हे, नुसता रंग. केशर तिथे ०.१ ग्रॅमच्या इवल्याशा पुडीत येतं, ती एक पुडी अख्खी वापर, पुडीचं निम्मं करत बसू नकोस.

काय निम्मं होतं आणि काय नाही

मटणाला लागणारा मसाला सरळ निम्मा: तिखट ४ टेलोफेल, गरम मसाला ३, हळद १ (पोह्याच्या चमच्याचे टेलोफेल करून दिलेत, परत भागू नकोस). मटणाचं मीठ वहीत नाहीये, मी सांगते: १ किलो मटणाला १५ ग्रॅम, म्हणजे अडीच सपाट टेलोफेल. आख्खा मसाला मटणात असा घाल: दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, लवंगा ८, हिरवी वेलची ८, मसाला वेलची २.

तांदळाच्या पाण्याचं गणित निम्मं होत नाही. तिथे मीठ तांदळावर नाही, पाण्यावर ठरतं. पाणी जेवढे लिटर तेवढे सपाट एसलोफेल मीठ, म्हणजे लिटरला १८ ग्रॅमच्या आसपास. पाणी तोंडात घेतलं की खारट लागलं पाहिजे, "बरं आहे" इतपत लागलं तर कमी आहे, कारण तांदूळ त्यात पाच-सात मिनिटंच राहणार आणि बाकीचं पाणी फेकूनच द्यायचंय. नवीन माणूस हमखास इथे घाबरून मीठ कमी घालतो आणि मग रस्सा झकास आणि भात अळणी अशी बिर्याणी होते, ते वरून मीठ भुरभुरून सुधारत नाही.

शिजायचा वेळही निम्मा होत नाही. तुकड्याचा आकार तोच आहे ना, मग १ किलो असो की २, तुकडा आतपर्यंत शिजायला तेवढाच वेळ घेतो. वेळ बदलतो तो बोकडाऐवजी कोकरू आहे म्हणून. त्या ५ शिट्ट्या विसरून जा, तुझा तिथला कुकर, श्नेलकोखटॉफ, शिट्टी मारतच नाही, त्याच्या दांडीत रिंगा वर येतात. दुसरी रिंग दिसल्यापासून १२ मिनिटं, मग आच बंद आणि वाफ आपोआप उतरू दे. तुकडा बोटांनी दाबून तुटला पाहिजे पण हाडावरून गळून पडता कामा नये, राहिलेलं दमात होईल.

आणि भांडं. तू लिहिलंस तुझ्याकडे ५ लिटरचा टोप आहे आणि रूममेटचा ७ लिटरचा ब्रेटर, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचं लांबट भांडं. १ किलो तांदूळ शिजून चार लिटरच्या आसपास जागा घेतो, त्यात रस्सा-मटण दीड-दोन लिटर, म्हणजे ५ लिटरच्या टोपात ही बिर्याणी मावणारच नाही, दाबून बसवलीस तर भात मोडेल. ब्रेटरच वापर. उलट कोणी १० लिटरचं मोठं भांडं देऊ केलं तर तेही नको, पसरट भांड्यात थर पातळ होतात, रस्सा तळाला सुकतो आणि वर रिकामी जागा राहिली की वाफ भातात मुरायच्या ऐवजी झाकणाखाली फिरत बसते. पाऊण भरेल असं भांडं पाहिजे.

शनिवारी रात्री

मटण धुऊन पाणी पूर्ण निथळू दे. आलं, लसूण, मिरच्यांची पेस्ट, हळद, तिखट, मीठ, निम्मा गरम मसाला आणि घोटलेलं ३७५ ग्रॅम दही लावून झाकून फ्रीजमध्ये.

त्याच रात्री कांदा तळून टाक म्हणजे रविवारी धावपळ नाही. अर्धा किलो कांदा उभा, पातळ आणि सगळीकडे सारखा चिर, जाड-पातळ चिरलास तर पातळ करपतो तोवर जाड कच्चा. आता तेल: कांदा निम्मा झाला म्हणून तेल निम्मं करू नकोस, तेलाची खोली महत्त्वाची, कढईत दोन बोटं तेल पाहिजे, कांदा दोन घाण्यांत तळ. सगळा एकदम टाकलास तर तेल थंड पडतं, कांद्याला पाणी सुटतं आणि तो तळायच्या ऐवजी उकडतो, मऊ तपकिरी लगदा होतो. मध्यम आचेवर हलवत राहा, आणि तुला हवा तो रंग यायच्या जरा आधी, सोनेरी असतानाच झाऱ्याने काढून कागदावर पसरव, बाहेर काढल्यावर तो अजून गडद होतो. खिडकी सताड उघडी ठेव, त्या छतावरच्या धुराच्या अलार्मला कांदा तळणं आणि आग लागणं यातला फरक कळत नाही. तेल गाळून ठेव, सिंकमध्ये ओतायचं नाही.

रविवारी

बारा वाजता जेवायचं असेल तर साडेआठला मटण फ्रीजबाहेर काढ. दही एकदम गार असताना गरम तेलात गेलं की फाटतं, अर्धा-पाऊण तास बाहेर राहू दे. तांदूळ नऊच्या सुमारास हलक्या हाताने तीन-चार पाण्यांनी धुऊन सगळा १ किलो अर्धा तास भिजव, मग चाळणीत निथळत ठेव.

कुकरच्या भांड्यात कांद्याचं तेल ४ एसलोफेल आणि तूप २ एसलोफेल, आख्खा मसाला, तो तडतडला की उरलेला २५० ग्रॅम कांदा बारीक चिरून, लालसर होऊ दे. टोमॅटो आणि टोमाटनमार्क, तेल कडेने सुटेपर्यंत परत. मग आच कमी करून मटण दह्यासकट घाल आणि सतत हलव, पहिली पाच मिनिटं सोडून जाऊ नकोस. मग आच वाढवून आठ-दहा मिनिटं परतलं की कोकराचं पाणी सुटायला लागेल. वहीत इथे "२ वाट्या पाणी" लिहिलंय, त्याची १ वाटी होते, तेवढी घाल, पण कुकरच्या पुस्तकात कमीत कमी किती पातळ पदार्थ लागतो ते एकदा बघून घे. पाणी घालून चमच्याने तळ खरवड, दही-टोमॅटोचा मसाला खाली चिकटलेला असला की प्रेशरमध्ये करपतोच. उकळी आली की झाकण, दुसरी रिंग, १२ मिनिटं.

झाकण उघडल्यावर रस्सा बहुधा पातळ दिसेल, कोकरू पाणी जास्त सोडतं. इथे घाई करू नकोस. तुकडे झाऱ्याने बाजूला काढ आणि रस्सा उघडा उकळव, डाव तळातून फिरवला की तळ क्षणभर दिसून मग रस्सा परत मिटला पाहिजे, एवढा दाट. मग तुकडे परत आत, उरलेला गरम मसाला, निम्मी कोथिंबीर-पुदिना, आणि तळलेल्या कांद्यातला तिसरा हिस्सा चुरून. आत्ता चव घे. रस्सा नुसता खाल्ला तर जरा जास्तच खारट-तिखट वाटायला हवा, भाताबरोबर तो बरोबर होतो.

आता भात. ५ लिटरच्या टोपात १ किलो तांदूळ एकदम शिजणार नाही, पाण्यात मोकळा नाचायला जागा पाहिजे, नाहीतर चिकटतो. म्हणून दोन घाणे. साडेतीन लिटर पाणी, साडेतीन एसलोफेल मीठ, २-३ लवंगा, २ वेलच्या, अर्धा टेलोफेल शहाजिरं, तमालपत्राचं ते एक पान, एक चमचा तेल. खळखळून उकळलं की निम्मा तांदूळ. पाण्याला परत उकळी आल्यापासून चार मिनिटांनी एक शीत काढून बोटांत दाब: बाहेरून मऊ आणि मधे पांढरा कडक कण लागला की झाऱ्याने उपसून थेट ब्रेटरमध्ये. चाळणीत ओतू नकोस, ते पाणी दुसऱ्या घाण्याला लागणार आहे. हा पहिला घाणा खालचा थर, तो जरा कच्चाच हवा कारण रश्शाची ओल त्याला मिळते. दुसऱ्या घाण्याला पाण्यात अर्धा लिटर गरम पाणी आणि अर्धा एसलोफेल मीठ वाढव, आणि तो तांदूळ एखादं मिनिट जास्त ठेव, मधला कण जेमतेम जाणवेल इतपत. तो वरचा थर, त्याला फक्त वाफच मिळते. म्हणजे टोप छोटा असल्याचा इथे फायदाच झाला, घरी एका पातेल्यात करताना आत्याला हे डोळ्यात तेल घालून उपसावं लागतं.

थर असे लाव: ब्रेटरच्या तळाला २ चमचे वितळलेलं तूप सगळीकडे फिरवून, सगळ्यात खाली दोन डाव रस्सा, त्यावर पहिला भात (म्हणजे पहिला घाणा ब्रेटरमध्ये उपसायच्या आधी हे तूप-रस्सा पसरून तयार ठेव, नंतर आठवलं तर काही करता येत नाही). त्यावर सगळं मटण आणि उरलेला रस्सा, थोडा तळलेला कांदा, कोथिंबीर, पुदिना. मग दुसरा भात, दाबायचा नाही, डावाच्या पाठीने नुसता सारखा करायचा. वरून उरलेलं तूप, उरलेला कांदा, आणि अर्धी वाटी म्हणजे ८० मिली कोमट दुधात पंधरा मिनिटं भिजवलेलं केशर, एका जागी न ओतता पाच-सहा ठिकाणी. दूध वहीतलं पूर्ण वाटीभर घालू नकोस, वरचा थर गिचका होतो.

दम तव्यावर देऊ नकोस. तिथली काचेची शेगडी मधेच लालभडक होते आणि मधेच बंद पडते, ब्रेटरचा बूड लांबट, आच गोल, मधे करपतं आणि टोकांना गार. ओव्हन आहे तर ओव्हन वापर. आधीच १६० अंशांवर तापवून ठेव, वर-खाली आच, पंखा नको. ब्रेटरच्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइल दुहेरी घट्ट बसव आणि त्यावर झाकण; झाकण डगडगत असेल तर कडेने कणकेची पट्टी लाव, त्यांच्या ४०५ नंबरच्या पिठाची पण चिकटते. थर लावेपर्यंत सगळं गरमच असेल तर ३५ मिनिटं, मधे फोन आला म्हणून भात कोमट झाला असेल तर ४५. मग ओव्हन बंद आणि न उघडता दहा मिनिटं तसंच.

झालंय की नाही ते असं बघ: फॉइलचा एक कोपरा उचल, भसकन वाफ यायला हवी आणि फॉइलच्या आतून पाण्याचे थेंब ओघळायला हवेत. चमच्याचा दांडा कडेने तळापर्यंत घालून बाहेर काढ, त्याला तूप-मसाला लागला तर ठीक, नुसतं पाणी लागलं तर रस्सा पातळ राहिलाय, फॉइल काढून नुसतं झाकण तिरकं ठेवून दहा मिनिटं परत आत. वरचं शीत कडक लागलं तर पाव वाटी गरम दूध शिंपडून, फॉइल परत बसवून दहा मिनिटं. खालून करपल्याचा वास आला तर ढवळू नकोस, वरचा सगळा भाग दुसऱ्या भांड्यात काढ आणि तळ तसाच सोडून दे, ढवळलं की तो वास सगळीकडे जातो.

वाढताना पसरट उलथन्याने एका कडेने सरळ खालपर्यंत जाऊन उभा घास उचल, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात दोन्ही भात आणि मटण येईल. वरवरचं वाढत गेलास तर पहिल्या चौघांना पांढरा भात आणि शेवटच्यांना नुसता रस्सा.

कोशिंबिरीत उरलेलं दही आणि कांदे, पुदिन्याच्या उरलेल्या काड्यांवरची पानं, आणि मीठ मात्र अगदी वाढायच्या आधी घाल. आणि उरलीच बिर्याणी तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेव. आठ जणांत उरेल असं मला वाटत नाही, पण त्यातले दोघे शाकाहारी आहेत म्हणालास ना, त्यांच्यासाठी दुसऱ्या घाण्यातला भात, मटणाला लागलेला डाव किंवा झारा त्यात न घालता, थर लावायच्या आधीच बाजूला काढून ठेव.